ख्रिस मॉरिस कुठल्या टेबलामागे बसला होता? प्रश्नमंजूषा रचणाऱ्यांना खुलं पत्र

गोव्यातल्या शाळा-महाविद्यालयांसाठी मराठीतून प्रश्नमंजूषा घेणाऱ्या सर्व क्विझमास्तरांना आणि संयोजकांना,

सप्रेम नमस्कार.

मी फोंडा तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात मराठी शिकवतो आणि बरीच वर्षं आमच्या मुलांचा क्विझचा संघ घेऊन पेडण्यापासून काणकोणपर्यंत फिरतो आहे. गेल्या पावसाळ्यात एका स्पर्धेच्या अंतिम फेरीत जे घडलं, त्यावरून हे पत्र लिहितो आहे. स्पर्धा कुठली आणि ती कोणी घेतली, हे सांगत नाही. तीच चूक मी इतर ठिकाणीही पाहिली आहे, म्हणून पत्र आपणा सर्वांना आहे.

मनोरंजन आणि माध्यमं अशी फेरी होती. प्रश्न असा वाचला गेला : ‘एका ब्रिटिश विडंबन कार्यक्रमात ख्रिस मॉरिस हा वृत्तनिवेदक दोन देशांच्या प्रतिनिधींना भांडायला लावतो आणि शेवटी युद्ध पेटतं. कार्यक्रम ओळखा.’ आमच्या बारावीतल्या मुलाने बझर दाबला आणि सांगितलं, ‘द डे टुडे’. क्विझमास्तरांनी हातातलं कार्ड पाहिलं, ‘चूक’ म्हणाले आणि प्रश्न पुढे सरकवला. मॉरिस हा ब्रिटिश विनोदी नट; पुढच्या संघाला त्याचा दुसरा कार्यक्रम ठाऊक होता. त्यांनी ‘ब्रास आय’ म्हटलं, टाळ्या पडल्या, बोनसचे गुण त्यांच्या खात्यात गेले.

परतताना कदंबाच्या बसमध्ये तो मुलगा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. बाणस्तारीचा पूल ओलांडल्यावर मला म्हणाला, ‘सर, हांव बरोबर आशिल्लों न्हय?’ तो बरोबरच होता. दुसऱ्या दिवशी तो प्रसंग आम्ही सगळ्यांनी मिळून पुन्हा पाहिला, तेव्हा शंकेला जागाच उरली नाही. गेलेले गुण परत मागायला मी हे लिहीत नाही. पण वर्णनावरून कार्यक्रम ओळखायला सांगणारा प्रश्न कुठे फसतो, हे त्या एका प्रश्नातून फार स्वच्छ दिसतं, म्हणून तो आधी नीट उलगडतो.

‘द डे टुडे’ १९९४ मध्ये बीबीसी टूवर झाला. भाग फक्त सहा. त्याआधी हीच मंडळी बीबीसीच्या रेडिओ फोरवर ‘ऑन द अवर’ नावाचा कार्यक्रम करत होती, त्याचंच हे टीव्हीवरचं रूप. रात्रीच्या मुख्य बातमीपत्राची हुबेहूब नक्कल असं त्याचं स्वरूप आहे. छाती दडपून टाकणारं संगीत, पडद्यावर गरगरणारी चित्रं, कडक आवाजातले मथळे आणि मधोमध मॉरिस. त्याच्या भोवती बातमीपत्राचं अख्खं बिऱ्हाड आहे. खेळाच्या बातम्यांना अ‍ॅलन पार्ट्रिज, व्यापाराच्या बातम्यांना कोलॅटर्ली सिस्टर्स नावाची बाई, आणि अर्थवार्ताहर पीटर ओहॅनराहॅनराहन, ज्याला मॉरिस प्रेक्षकांसमोर उलटतपासणी घेऊन खोटं पाडतो. ही सगळी नटांनी उभी केलेली पात्रं आहेत. मुलाखतीसाठी येणारे मंत्रीही बहुतेक नटच.

युद्धाचा प्रसंग असा आहे. ऑस्ट्रेलिया आणि हाँगकाँग यांच्यात व्यापाराचा नवा करार झालेला असतो. दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी दोन पडद्यांवर थेट जोडलेले असतात आणि दोघेही समाधानी असतात. मॉरिस एकाचं वाक्य दुसऱ्याला जरा वाकवून सांगतो, मग त्याचं उत्तर पहिल्याला. करार मोडला तर काय कराल, असं पुन्हा पुन्हा टोचतो. ‘तशी वेळ येणार नाही’ म्हणणारा माणूस हळूहळू चिडतो आणि शेवटी धमकीवर येतो. मॉरिसला तेवढंच हवं असतं. तो युद्ध जाहीर करतो आणि दुसऱ्या क्षणी स्टुडिओ युद्धाच्या खास बातमीपत्रासाठी सजलेला असतो, जणू ती तयारी आधीपासूनच करून ठेवली होती. मग एक वार्ताहर ‘ऑस्ट्रेलिया-हाँगकाँग सीमेवरून’ बोलू लागतो. या दोन प्रदेशांमध्ये हजारो किलोमीटरचा समुद्र आहे, तिथे सीमा कुठून येणार? या एका शब्दात सगळ्या प्रसंगाचं मर्म आहे. बातमीपत्राला जागा भरायची असते, नकाशा पाहायचा नसतो.

आता ‘ब्रास आय’. हा चॅनल फोरवर १९९७ मध्ये आला आणि २००१ मध्ये त्याचा एक जादा भाग झाला. मॉरिस इथेही आहे, सूट तोच, आवाजाचा बाज तोच. पण नक्कल वेगळ्या गोष्टीची आहे. समाजाला लागलेल्या एखाद्या किडीचा ‘पर्दाफाश’ करणारे जे कार्यक्रम असतात, त्यांचं हे विडंबन. म्हणून एका भागाला एकच विषय असतो : प्राणी, अंमली पदार्थ, विज्ञान, गुन्हेगारी. आणि सर्वांत मोठा फरक असा की कॅमेऱ्यासमोर येणारे पाहुणे खरे असतात. खरे खासदार, खरे टीव्ही कलाकार, आणि आपण विडंबनात बसलो आहोत याची त्यांना कल्पना नसते. अंमली पदार्थांच्या भागासाठी ‘केक’ नावाचा एक पदार्थ निव्वळ कल्पनेतून तयार केला होता. नामवंत मंडळींनी गंभीर चेहऱ्याने त्याच्याविरुद्ध लोकांना सावध केलं. डेव्हिड अ‍ॅमेस या खासदारांनी तर १९९६ मध्ये, म्हणजे कार्यक्रम दिसण्याच्याही आधी, ब्रिटिश संसदेत त्या पदार्थाविषयी प्रश्न विचारला.

आता त्या कार्डावरचा प्रश्न पुन्हा वाचून पाहा. ‘ख्रिस मॉरिस’ आणि ‘वृत्तनिवेदक’ हे दोन शब्द दोन्ही कार्यक्रमांना चालतात. निर्णय करणारा तपशील होता तो भांडणाऱ्या दोन प्रतिनिधींचा. ते खरे मुत्सद्दी असते तर ‘ब्रास आय’कडे बोट दाखवता आलं असतं. ते नट आहेत, म्हणून तो ‘द डे टुडे’. थेट जोडणी, मथळे, सीमेवरचा वार्ताहर हा सगळा बातमीपत्राचा सरंजामही तेच सांगतो. प्रश्न रचणाऱ्याने यातलं काही लिहिलं असतं, तर लिहिता लिहिताच आपलं उत्तर चुकतंय हे त्याच्या ध्यानात आलं असतं. मला वाटतं, त्याने प्रसंग आठवणीतून लिहिला आणि कार्यक्रमाचं नाव मॉरिसच्या नावावरून जोडलं. ‘ब्रास आय’ अधिक गाजलेला, वादग्रस्त, त्यामुळे तोच आधी सुचतो. शिवाय लोक जुन्या कार्यक्रमांचे तुकडे कापून चढवतात तेव्हा मथळ्यात काहीही लिहितात, आणि तुकडा कापला की सुरुवातीचं नाव आणि शेवटची श्रेयनामावली दोन्ही गळून जातात.

पेडणे महालात जत्रेला दशावतारी नाटक रात्रभर पाहणारा प्रेक्षक हे आपल्याला शिकवू शकतो. काल जो नट राजा होता तो आज राक्षस असतो. प्रेक्षक चेहऱ्यावरून पात्र ठरवत नाही. वेष पाहतो, प्रवेशाची चाल पाहतो, सोबत कोण आलं ते पाहतो. बातमीपत्राच्या विडंबनातला निवेदक असाच पाहायचा असतो, कारण ही माणसं एका कार्यक्रमातून दुसऱ्यात सतत जात असतात.

अ‍ॅलन पार्ट्रिजचंच घ्या. स्टीव्ह कूगनचं हे पात्र आधी ‘ऑन द अवर’मध्ये रेडिओवर खेळाच्या बातम्या देत होतं, मग ‘द डे टुडे’मध्ये टीव्हीवर देऊ लागलं. त्यानंतर त्याला टीव्हीवर स्वतःचा गप्पांचा कार्यक्रम मिळाला आणि पुढे तो नॉर्विचच्या रेडिओवर जाऊन पडला, त्याची वेगळी मालिका झाली. ‘पार्ट्रिज नावाचा बावळट निवेदक कुठल्या कार्यक्रमात आहे?’ असं विचारलं तर किमान चार उत्तरं बरोबर आहेत. ‘खेळाच्या बातम्या’ म्हटलं तरी दोन उरतात. ‘टीव्हीवर’ हा शब्द घातला की मग एक.

अमेरिकेकडे गेलं की हा गुंता वाढतो, आणि आपल्या मुलांना अमेरिकन कार्यक्रम अधिक माहीत असल्यामुळे प्रश्नही तिथलेच अधिक येतात. स्टीफन कोल्बेअर हा माणूस तीन वेगवेगळ्या जागी दिसतो. १९९७ पासून तो ‘द डेली शो’चा वार्ताहर होता, म्हणजे मुख्य टेबल दुसऱ्याचं आणि हा बाजूला उभा किंवा बाहेरून बोलणारा. २००५ ते २०१४ या काळात ‘द कोल्बेअर रिपोर्ट’मध्ये टेबल त्याचं स्वतःचं. २०१५ मध्ये तो ‘द लेट शो’मध्ये आला, तिथे तो स्वतः म्हणून बोलला, पात्र म्हणून नव्हे. चेहरा एक, नावही एक. मग ओळखायचं कसं?

मधल्या कार्यक्रमाची खूण स्पष्ट आहे. तिथे तो उजव्या विचारांचा, स्वतःवर खूश असलेला, कधीही न चुकणारा भाष्यकार रंगवतो. फॉक्स न्यूजच्या बिल ओरायली यांच्यासारख्या निवेदकांची ती नक्कल आहे. त्या कार्यक्रमात ‘द वर्ड’ नावाचा तुकडा असे. कोल्बेअर प्रेक्षकांकडे पाहून पूर्ण विश्वासाने भाषण करतो आणि पडद्याच्या बाजूला शब्द उमटत राहतात. ते शब्द वरवर त्याला दुजोरा देतात आणि प्रत्यक्षात त्याचं पितळ उघडं पाडतात. एकाच वेळी दोन आवाज, एक कानाने ऐकायचा आणि एक डोळ्यांनी वाचायचा. १७ ऑक्टोबर २००५ रोजी झालेल्या पहिल्याच भागात या तुकड्यात ‘ट्रुथिनेस’ हा शब्द आला : पुरावा असो वा नसो, आतून खरं वाटतं म्हणून खरं मानणं. प्रश्नात ‘बाजूला उमटणारे शब्द’ एवढं आलं तरी मुलगा ‘डेली शो’ आणि ‘लेट शो’ दोन्ही बाजूला सारू शकतो. आणि हा तपशील ज्याने कार्यक्रम पाहिला आहे त्यालाच ठाऊक असतो, पाठांतर करून येणाऱ्याला नाही. आपल्याला असाच प्रश्न हवा असतो ना?

इथे एक बारकावा सांगतो, कारण यातून वाद होतात. काही खुणा कार्यक्रमाच्या असतात, काही निवेदकाच्या. ‘डेली शो’च्या शेवटी ‘मोमेंट ऑफ झेन’ म्हणून एक छोटासा तुकडा दाखवतात. ती कार्यक्रमाची खूण. जॉन स्टुअर्ट १९९९ मध्ये आले, २०१५ मध्ये गेले, ट्रेव्हर नोआ आले, तेही २०२२ मध्ये गेले, खूण तशीच राहिली. तेव्हा ती सांगून ‘निवेदक ओळखा’ असं विचारता येत नाही. ‘वीकएंड अपडेट’चं दुखणं वेगळं आहे. ते खोटं बातमीपत्र १९७५ पासून चालू आहे, पण तो स्वतंत्र कार्यक्रम नाही, ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमातला एक भाग आहे. ‘कार्यक्रम ओळखा’ म्हटल्यावर मुलाने भागाचं नाव सांगितलं तर त्याला चूक म्हणणं अन्यायाचं आहे. कार्डावर दोन्ही नावं आधीच लिहून ठेवावीत.

आता आपल्याकडचे कार्यक्रम. मराठी स्पर्धेत हे अधिक विचारले जावेत असं मला मनापासून वाटतं, पण ते विचारतानाही तीच काळजी घ्यावी लागते.

‘पाहुणा खरा, म्हणून कार्यक्रम खरा’ हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. इंटरनेटवर कार्यक्रम करणाऱ्या टीव्हीएफने ‘बेअरली स्पीकिंग विथ अर्नब’ काढला तेव्हा विश्वपती सरकार यांनी अर्णब गोस्वामी यांची नक्कल केली. नाव एका वाहिनीवरच्या खऱ्या मुलाखतींच्या ‘फ्रँकली स्पीकिंग विथ अर्णब’ या कार्यक्रमावरून घेतलं होतं. आणि त्या खोट्या निवेदकासमोर खुद्द अरविंद केजरीवाल येऊन बसले, शाहरुख खानही बसला. ‘ब्रास आय’मधल्या पाहुण्यांना आपण फसतोय हे ठाऊक नव्हतं, इथल्या पाहुण्यांना सगळं ठाऊक होतं आणि ते खेळात सामील होते. तेव्हा ‘अर्णबसारखा ओरडणारा चष्मेवाला निवेदक केजरीवालांची मुलाखत घेतो’ एवढ्या वर्णनावर प्रश्न उभा राहत नाही. इंग्रजीत खऱ्या आणि खोट्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक आहे. देवनागरीत लिहिताना तो फरक ‘अर्णब’ आणि ‘अर्नब’ इतकाच उरतो आणि मोठ्याने वाचताना तर पुसूनच जातो. अशा वेळी निवेदकाचं नाव प्रश्नात घेऊच नये. कार्यक्रम इंटरनेटवरचा होता, वाहिनीवरचा नव्हता, एवढं सांगावं.

सीएनएन-आयबीएनवरचा ‘द वीक दॅट वॉझन्ट’ ओळखायला त्या मानाने सोपा. टेबलामागे सायरस ब्रोचा आणि समोर दर वेळी नव्या वेषात कुणाल विजयकर. ही जोडी सांगितली की संशय राहत नाही. एकट्या ब्रोचांचं वर्णन केलंत तर मात्र मुलं एमटीव्हीवरच्या ‘बकरा’कडे जातात, आणि त्यात त्यांची चूक नाही. या कार्यक्रमाच्या नावाचा सापळा मी एकदा पाहिला आहे. प्रश्नकर्त्याने नाव टाळून त्याचा अर्थ सुचवला होता : ‘आठवड्याच्या बातम्यांवरचा, नावातच आठवडा असलेला उपहासाचा कार्यक्रम’. एका मुलीने उत्तर दिलं, ‘दॅट वॉझ द वीक दॅट वॉझ’. तो बीबीसीचा, १९६२-६३ सालचा, डेव्हिड फ्रॉस्ट यांनी सादर केलेला कार्यक्रम. १९६४ हे निवडणुकीचं वर्ष येणार म्हणून तो आधीच बंद केला गेला होता. वर्णन दोन्हींना बसत होतं. मुलीला गुण मिळाले नाहीत. आमच्या संघातली नव्हती ती, तरी मला अजून वाईट वाटतं.

बाहुल्यांच्या कार्यक्रमांचंही तेच. ‘पुढाऱ्यांच्या रबरी बाहुल्या’ म्हटलं की एनडीटीव्ही इंडियावरचा ‘गुस्ताखी माफ’ डोळ्यांसमोर येतो. पण इंग्लंडमध्ये १९८४ पासून ‘स्पिटिंग इमेज’ होता आणि फ्रान्समध्ये १९८८ पासून ‘ले गिन्योल’. यातल्या फ्रेंच कार्यक्रमात निवेदकसुद्धा बाहुलाच असे आणि तो टेबलामागे बसून बातम्या द्यायचा. ‘स्पिटिंग इमेज’मध्ये असा कायमचा निवेदक नव्हता, सुटे प्रसंग असत. भाषा आणि निवेदक, एवढं सांगितलं तरी पुरे.

जसपाल भट्टींचं ‘उल्टा पुल्टा’ आणि ‘फ्लॉप शो’ दूरदर्शनवरचे. दोन्हींत राजकीय आणि सरकारी कारभारावरचा उपहास भरपूर आहे, पण बातमीपत्राची नक्कल हा त्यांचा साचा नाही. ते ‘खोट्या बातम्यांच्या’ फेरीत घालू नका. सुमीत राघवन यांचा ‘जय हिंद’ मराठी मुलांना सांगावा असा आहे. २००९ मध्ये आलेला हा कार्यक्रम वाहिनीवर नव्हता, इंटरनेटवर होता. ‘साराभाई’मधला साहिल म्हणून ओळखला जाणारा हा मराठी नट त्या काळी इंटरनेटवर राजकारणावर बोलत होता, हे ऐकून आमच्या वर्गातली मुलं चकित झाली होती.

आता मुद्द्याचं बोलतो. तो युद्धाचा प्रश्न मी असा लिहीन :

‘१९९४ सालच्या एका ब्रिटिश कार्यक्रमात रात्रीच्या बातमीपत्राची नक्कल आहे. निवेदक ऑस्ट्रेलिया आणि हाँगकाँग यांच्यातल्या करारावरून दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींना थेट प्रक्षेपणात डिवचतो. दोन्ही प्रतिनिधी नटांनी उभे केलेले आहेत. थोड्याच वेळात वार्ताहर “ऑस्ट्रेलिया-हाँगकाँग सीमेवरून” युद्धाची बातमी देतो. कार्यक्रम कोणता?’

यात मॉरिसचं नाव नाही. ते काढल्यामुळे प्रश्न कठीण झाला असं वाटेल, पण नाव ठेवलं असतं तर मुलं नावावरून अंदाज बांधतात आणि दोन कार्यक्रमांमध्ये नाणं उडवल्यासारखं उत्तर देतात. नाव काढल्यावर प्रसंगाकडे पाहावंच लागतं. वर्ष दिल्यामुळे १९९७ चा ‘ब्रास आय’ बाद होतो. नट म्हटल्यामुळे तो पुन्हा बाद होतो. एखाद्याला वर्ष आठवत नसलं तरी दुसरा धागा हाताशी राहतो. आणि सीमेचा तपशील हा ज्याने प्रसंग पाहिला आहे त्याला मिळालेलं बक्षीस आहे.

असा प्रश्न कार्डावर उतरवण्याआधी मूळ प्रसंग स्वतः पाहावा, आठवणीवर आणि कापलेल्या तुकड्याच्या मथळ्यावर भरवसा ठेवू नये. पूर्ण भाग मिळाला तर सुरुवातीचं नाव आणि शेवटची नामावली पाहावी. तुकडाच हाती असेल तर कोपऱ्यातलं वाहिनीचं चिन्ह पाहावं, आणि ते पुन्हा प्रक्षेपण करणाऱ्या वाहिनीचंही असू शकतं हे ध्यानात ठेवावं. मग प्रश्न अशा माणसाला द्यावा ज्याला आपलं उत्तर माहीत नाही, पण त्या माणसाचे इतर कार्यक्रम माहीत आहेत. त्याने दुसरं नाव सांगितलं आणि ते वर्णनात बसलं, तर चूक प्रश्नाची आहे. आमच्याकडे मी हे काम बारावीच्या दोन मुलांकडून करून घेतो. आपल्या प्रश्नांत खोट काढायला मुलांना मनापासून आवडतं आणि ती फार पटकन काढतात.

आणखी एक विनंती आहे, ती मात्र संयोजकांना. मुलाने ‘माझं उत्तर बरोबर आहे’ म्हटलं तर ते ऐकायची सोय ठेवा. फेरी थांबवायची गरज नाही. फेरी संपल्यावर, निकाल जाहीर होण्याआधी, संघाच्या शिक्षकाला दोन मिनिटं द्या. प्रसंग मोबाइलवर तिथल्या तिथे दाखवता येतो. त्या दिवशी मी उठून पुढे गेलो होतो. मला सांगण्यात आलं की क्विझमास्तरांचा निर्णय अंतिम असतो. हा नियम मला मान्य आहे, तो नसेल तर स्पर्धा पुढे सरकणार नाही. पण निर्णय अंतिम होण्याआधी एकदा पुरावा पाहिला, तर नियम मोडत नाही. त्या मुलाने तो कार्यक्रम आवडीने पाहिला होता, आणि ज्या संघाने पाहिला नव्हता त्याला बोनस मिळाला. पुढच्या महिन्यात त्याने मला विचारलं की प्रश्नमंजूषेसाठी कार्यक्रम पाहण्यापेक्षा याद्या पाठ केल्या तर चालेल का. त्या प्रश्नाने मला हे पत्र लिहायला बसवलं.

डिसेंबरपासून पुन्हा स्पर्धांचा हंगाम सुरू होईल. आपल्यापैकी कोणाच्या संचात वर्णनावरून कार्यक्रम किंवा निवेदक ओळखण्याचे प्रश्न असतील आणि ते तपासून हवे असतील, तर शाळेच्या पत्त्यावर पाठवा. आमचा संघ ज्या स्पर्धेत उतरणार नाही, तेवढ्याच स्पर्धांचे पाठवा. दर शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी आणि माझे दोन माजी विद्यार्थी बसतो. प्रश्नासोबत मूळ प्रसंगाचा दुवा असला तर आठवड्याभरात परत करू.

आपला स्नेहांकित,
एक मराठी शिक्षक,
फोंडा, गोवा